मास्ट सेल ट्यूमरचा बायोप्सी रिपोर्ट: मार्जिन, ग्रेड आणि मायटोटिक काउंट कसे वाचायचे

प्रश्न: आमचा ब्रुनो, लॅब्राडोर, ९ वर्षांचा. मागच्या मांडीवर बाहेरच्या बाजूला दीड सेंटिमीटरची गाठ होती, ती काढली. रिपोर्टमध्ये लिहिलंय: क्युटेनियस मास्ट सेल ट्यूमर, पटनाईक ग्रेड २, क्युपेल लो ग्रेड, मायटोटिक काउंट १० हाय पॉवर फील्डमध्ये २, लॅटरल मार्जिन ९ मिमी, डीप मार्जिन ०.८ मिमी म्हणजे नॅरो, खाली फॅसिया. डॉक्टरांनी तर सगळीकडून २ सेंमी सोडून कापलं होतं, मग ९ मिमी कसं? ग्रेड २ आणि लो ग्रेड दोन्ही एकाच वेळी कसं? आणि परत ऑपरेशन करावं लागणार का?

उत्तर:

आधी थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. मास्ट सेल म्हणजे कातडीत मुळातच असणाऱ्या, हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी, आणि ब्रुनोची गाठ त्यांची आहे. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून हा रिपोर्ट चांगल्या बाजूचा आहे, आणि फक्त त्या ०.८ मिमीसाठी लगेच परत टेबलवर घ्यायची घाई मी तरी करणार नाही. पण लिंफ नोड, म्हणजे गाठीतल्या पेशी पसरताना आधी जिथे पोचतात त्या छोट्या ग्रंथी, तपासलेत का ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते आत्ता खरा राहिलेला प्रश्न तो आहे. त्यावर शेवटी येते.

मी व्हेटर्नरी पॅथॉलॉजिस्ट आहे, असले रिपोर्ट लिहिणं हेच माझं रोजचं काम, आणि ओनर लोकांचे फोन येतात तेव्हा गोंधळ बहुतेक एकाच ठिकाणी झालेला असतो. रिपोर्ट हातात आला की सगळे पहिले मार्जिन बघतात, क्लीन लिहिलं असेल तर सुटलो आणि नॅरो किंवा इनकम्प्लीट लिहिलं असेल तर संपलं, असं धरून चालतात. तसं नाहीये. मार्जिन म्हणजे गाठीपासून सर्जनने कापलेल्या कडेपर्यंतचं अंतर, आणि ते एवढंच सांगतं की ज्या जागेवरून गाठ काढली तिथे काही मागे राहिलं असण्याची शक्यता किती. ती गाठ मुळात कशा स्वभावाची आहे, दुसरीकडे पसरणारी आहे की नाही, हे ग्रेड सांगतो, आणि मायटोटिक काउंट, म्हणजे विभाजन चालू असलेल्या पेशींची संख्या, हा त्या ग्रेडच्या मागचा सगळ्यात वजनदार आकडा. म्हणून वाचायचा क्रम असा ठेवा: आधी गाठीचं नाव, मग ग्रेड आणि काउंट, आणि मार्जिन सगळ्यात शेवटी. लो ग्रेडचं नॅरो मार्जिन आणि हाय ग्रेडचं नॅरो मार्जिन या दोन पूर्ण वेगळ्या बातम्या आहेत, शब्द तेच असले तरी.

नाव आधी का, तर पुढचे सगळे आकडे त्या नावापुरतेच खरे असतात. तरुण कुत्र्यांना हिस्टिओसायटोमा नावाची लाल बटणासारखी गाठ येते, तिच्यात मायटोसिस भरपूर दिसतात, आणि तरी ती साधी गाठ असते, बऱ्याचदा दोनतीन महिन्यांत आपोआप विरून जाते. सॉफ्ट टिश्यू सार्कोमा, म्हणजे चरबीसारख्या मऊ टिश्यूचा कॅन्सर, त्याचा ग्रेड ठरवताना गुण देतात, तिथे काउंट ९ पर्यंत असला तरी त्या रकान्यात सगळ्यात कमी गुण पडतात. तोच ९ मास्ट सेल ट्यूमरमध्ये आला तर आम्ही सरळ हाय ग्रेड लिहितो. त्यामुळे शेजारच्यांच्या कुत्र्याच्या रिपोर्टशी आपला आकडा लावून बघू नका, गाठीचं नाव एकच असेल तरच तुलना करण्यात अर्थ आहे.

नावातला क्युटेनियस हा शब्दही तितकाच महत्त्वाचा. मास्ट सेल ट्यूमर कातडीतून निघालेला असू शकतो किंवा कातडीखालच्या चरबीतून, म्हणजे सबक्युटेनियस. पटनाईक आणि क्युपेल हे दोन्ही ग्रेड फक्त कातडीतल्या गाठीसाठी बनलेत. चरबीतल्या गाठीला ग्रेड देत नाहीत, तिथे मायटोटिक काउंट, कडा घुसखोर आहेत का आणि एका पेशीत अनेक न्यूक्लियस दिसतात का हे बघतात, आणि एकंदरीत त्या गाठी कातडीतल्यांपेक्षा बऱ्या वागतात. कोणाच्या रिपोर्टमध्ये सबक्युटेनियस लिहून वर ग्रेड २ दिलेला असेल तर लॅबला फोन करून विचारायला काहीच हरकत नाही. तुमच्यात क्युटेनियस आहे, तेव्हा ग्रेड लागू होतो.

आता ग्रेड २ आणि लो एकाच वेळी कसं. या दोन वेगवेगळ्या पद्धती आहेत आणि बऱ्याच लॅब दोन्ही लिहितात. पटनाईक पद्धत १९८४ ची, तीन पायऱ्यांची. १ म्हणजे सौम्य, ३ म्हणजे वाईट, आणि मधला २. अडचण अशी झाली की बहुतेक गाठी त्या २ मध्ये जाऊन पडायला लागल्या, आणि २ मधले काही कुत्रे ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं मजेत जगायचे तर काही थोड्या महिन्यांत जायचे. शिवाय १ की २ यावर पॅथॉलॉजिस्टमध्येच एकमत होत नव्हतं. २०११ मध्ये क्युपेल आणि सहकाऱ्यांनी ९५ कुत्र्यांच्या स्लाइड २८ पॅथॉलॉजिस्टना वाचायला दिल्या, तेव्हा हा मतभेद आकड्यांत दिसला, आणि त्यांनी मधली पायरीच काढून टाकली. फक्त लो आणि हाय. म्हणजे पटनाईक २ हा निकाल अर्धवट आहे, पुढे लो की हाय हे वाचल्याशिवाय त्यातून काही ठरत नाही. तुमच्यात २ च्या पुढे लो आहे. इंटरनेटवर नुसतं ग्रेड २ टाकून शोधलंत तर वाट्टेल ते वाचायला मिळेल, कारण त्या २ मध्ये चांगले वाईट सगळे एकत्र आहेत.

हाय कधी म्हणायचं त्याच्या चार कसोट्या आहेत आणि त्यातली एक जरी लागली तरी हाय. दहा फील्डमध्ये ७ किंवा जास्त मायटोसिस, किंवा तीन आणि त्याहून जास्त न्यूक्लियस असलेल्या पेशी किमान ३, किंवा वेडेवाकडे विचित्र आकाराचे न्यूक्लियस किमान ३, किंवा न्यूक्लियसच्या आकारात फार तफावत, म्हणजे किमान १० टक्के पेशींमध्ये व्यास दुपटीने वेगळा. चांगल्या रिपोर्टच्या मायक्रोस्कोपिक वर्णनात या चारही गोष्टी आहेत किंवा नाहीत असं लिहिलेलं असतं. तुमच्या रिपोर्टमध्ये तो परिच्छेद शोधा, लोक तो अवघड इंग्रजी म्हणून सोडून देतात पण निकाल कशावरून दिलाय ते तिथेच असतं. नुसतं लो ग्रेड लिहिलंय आणि वर्णनात बाकी तीन गोष्टींचा उल्लेखच नाही, तर विचारा. मायटोसिस कमी असूनही विचित्र न्यूक्लियसमुळे गाठ हाय ठरू शकते.

फरक किती पडतो? त्या २०११ च्या अभ्यासात हाय ग्रेडच्या कुत्र्यांचं मीडियन आयुष्य ४ महिन्यांपेक्षा कमी होतं आणि लो ग्रेडचं २ वर्षांपेक्षा जास्त. मीडियन म्हणजे निम्मे कुत्रे त्याच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे, तुमच्या कुत्र्याची तारीख नाही ती. आणि हाय ग्रेडवाल्यांनी हा आकडा बघून हात टेकू नयेत, लोकल गाठ आणि लिंफ नोड नीट काढून केमो मिळालेले कुत्रे त्याहून पुष्कळ जास्त जगलेले आहेत.

मायटोटिक काउंट म्हणजे विभाजन चालू असतानाच्या क्षणी सापडलेल्या पेशींची संख्या. स्लाइडवर जिथे गाठ सगळ्यात जोरात वाढतेय असं वाटतं तो भाग शोधायचा आणि ४०० पट मोठं करून लागोपाठ दहा फील्ड मोजायची. मोजताना दिसतं काय, तर बाकीच्या पेशींमध्ये गोल फिकट न्यूक्लियस आणि जांभळट दाणे, आणि मध्येच एका पेशीत न्यूक्लियसचा पडदा गायब होऊन गडद, कडा केसाळ असलेली एक आडवी पट्टी, किंवा एकमेकींपासून दूर सरकणाऱ्या दोन पट्ट्या. ती मोजायची. गुळगुळीत कडांचा आक्रसलेला गडद ठिपका म्हणजे मरणारी पेशी, ती मोजायची नाही. हे वेगळं करणं सोपं वाटतं पण नमुना फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रवात, उशिरा पडला, किंवा मोठी गाठ छोट्या डबीत कोंबली आणि फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचलंच नाही, तर सगळेच ठिपके धूसर होतात आणि काउंट खोटा कमी येऊ शकतो. म्हणून गाठीच्या दहापट फॉर्मॅलिन हवं असं आम्ही क्लिनिकना सांगत असतो. रिपोर्टमध्ये ऑटोलिसिस, म्हणजे नमुना सडायला लागणं, किंवा पुअर फिक्सेशन असे शब्द दिसले तर काउंटवर पूर्ण भरवसा ठेवू नका.

दहा फील्ड म्हणजे नक्की किती जागा हेही मायक्रोस्कोपच्या आयपीसवर अवलंबून असतं. म्हणून आता बऱ्याच लॅब २.३७ चौरस मिलिमीटर असं क्षेत्रफळ लिहितात. बाजू साधारण दीड मिलिमीटरची असलेला चौकोन झाला हा. दीड सेंटिमीटरच्या गाठीतल्या एवढ्याशा तुकड्यात मोजलेली संख्या आहे ती, तेव्हा २ आणि ३ मध्ये काही फरक मानू नका, २ आणि १२ मध्ये मात्र आहे. २००७ च्या एका अभ्यासात १४८ कुत्र्यांमध्ये काउंट ५ पर्यंत असलेल्यांचं मीडियन आयुष्य ७० महिने निघालं आणि ५ च्या वर असलेल्यांचं २ महिने. आता एकाने ५ ची रेघ मारलीय आणि क्युपेलने ७ ची, मग ६ आला तर? तर ती करड्या रंगाची जागा आहे, तिथे मी स्वतः दुसऱ्या भागातून परत मोजते आणि की-६७ सारखी, वाढणाऱ्या पेशी मोजणारी जास्तीची टेस्ट करायला सुचवते. ब्रुनोचा २ आहे, दोन्ही रेघांच्या बराच खाली, तिथे किस काढायची गरज नाही.

आता मार्जिन, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण तुमचा मुख्य घोर हाच आहे.

२ सेंमीचे ९ मिमी कसे झाले? कातडी ताणलेल्या अवस्थेत अंगावर असते. सर्जनने पट्टी लावून पेनाने २ सेंमी आखलं ते त्या ताणलेल्या कातडीवर. तुकडा कापून बाजूला काढला की त्या क्षणी आतले लवचिक धागे त्याला आत ओढतात, मग फॉर्मॅलिनमध्ये अजून थोडा आकसतो. शिवाय सर्जन अंतर मोजतो ते हाताला लागणाऱ्या गाठीच्या कडेपासून आणि मी मोजते ते मायक्रोस्कोपखाली शेवटची ट्यूमर पेशी दिसते तिथपासून, आणि मास्ट सेल तर हाताला लागणाऱ्या गाठीच्या बाहेर काही मिलिमीटर पसरलेल्या असतातच. दोन्ही मिळून २० चे ९ होणं यात कोणाची चूक नाही. तुमच्या डॉक्टरांनी कमी कापलं असा अर्थ यातून काढू नका. मी उलट म्हणेन की दीड सेंटिमीटरच्या गाठीला बाजूने २ सेंमी आणि खाली फॅसियाचा, म्हणजे स्नायूवरच्या पडद्याचा, एक थर हे आज मान्य असलेलं ऑपरेशन आहे आणि त्यांनी ते केलंय.

दुसरी गोष्ट, मार्जिन मोजतात कसं. तुकडा लॅबमध्ये आला की त्याच्या सगळ्या कापलेल्या कडांना आणि तळाला रंगीत शाई लावतात. ती शाई फॉर्मॅलिन आणि पुढच्या सगळ्या रसायनांतून टिकते आणि मायक्रोस्कोपखाली कडेला रंगीत रेघ म्हणून दिसते, त्यावरून कळतं की ही सर्जनच्या ब्लेडची कड आहे, लॅबमध्ये नंतर कापलेली नाही. मग पाव कापतात तसे आडवे काप करतात, त्यातले काही काप मेणाच्या ब्लॉकमध्ये घालतात आणि प्रत्येक ब्लॉकमधून साधारण ४ मायक्रॉन जाडीचा एक पापुद्रा काढून स्लाइड बनते. शाईपासून ट्यूमरपर्यंत जिथे सगळ्यात कमी अंतर दिसतं तो आकडा रिपोर्टमध्ये जातो.

आता हिशोब करा. समजा तुकडा ६ सेंमी लांब आहे आणि आम्ही चार ब्लॉक केले. चार पापुद्रे मिळून १६ मायक्रॉन, आणि तुकडा ६०,००० मायक्रॉनचा. म्हणजे प्रत्यक्ष डोळ्याखाली आलेली कड हजारात एक भागसुद्धा नाही. आम्ही काप निवडताना जिथे गाठ कडेच्या सगळ्यात जवळ दिसते तिथलेच घेतो, त्यामुळे हे अगदीच अंधारात चालणं नाही, पण क्लीन मार्जिन या शब्दाचा खरा अर्थ "जे काप पाहिले त्यात शाईपर्यंत ट्यूमर पोचलेला नाही" एवढाच आहे. म्हणून रिपोर्टच्या ग्रॉस, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या वर्णनाच्या, भागात किती ब्लॉक केलेत ते बघा. मोठ्या तुकड्याचा एकच ब्लॉक करून खाली मार्जिन क्लीन असं ठोकून दिलेलं असेल, तर त्या क्लीनला फार अर्थ नाही. शाई लावल्याचा उल्लेखच नसेल तरी तेच.

उलट बाजूनेही आकडा फसवतो. तुकडा डबीत टाकताना फॅसियाचा थर चरबीवरून घसरला, किंवा उत्सुकतेपोटी क्लिनिकमध्येच गाठ मधून कापून बघितली, तर शाई भेगेतून आत झिरपते आणि ट्यूमर शाईला चिकटलेला दिसतो. तिथे खरं मार्जिन सांगणं अशक्य होतं आणि प्रामाणिक पॅथॉलॉजिस्ट तसं लिहितो. सर्जनने कापल्याबरोबर फॅसिया कातडीला दोनचार टाक्यांनी अडकवून दिला आणि वरच्या टोकाला एक लांब टाका ठेवून दिशा कळवली तर आमचं अर्धं काम सोपं होतं.

आणि मास्ट सेलच्या बाबतीत अजून एक अडचण आहे जी बाकीच्या गाठींना इतकी नसते. साध्या निरोगी कातडीतही मास्ट सेल असतात, आणि गाठीभोवती सूज असते त्यात त्या जास्तच जमतात. मग कडेपाशी इकडे एक तिकडे एक मास्ट सेल दिसली तर ती ट्यूमरची की अंगाची? एकट्यादुकट्या पेशीवरून ते सांगता येत नाही. बहुतेक जण घोळक्याने असलेल्या पेशी ट्यूमरच्या धरतात आणि सुट्या पेशी सोडून देतात, पण सगळे सारखंच करतात असं नाही, त्यामुळे तीच स्लाइड दोघांनी वाचली तर मार्जिनमध्ये थोडा फरक येऊ शकतो.

आता तुमचे ०.८ मिमी. खालच्या बाजूचं मार्जिन बाजूच्या मार्जिनसारखं नुसत्या मिलिमीटरमध्ये वाचायचं नसतं, त्या मिलिमीटरमध्ये कोणतं टिश्यू आहे ते बघायचं असतं. चरबी ही मऊ, ट्यूमरला वाट देणारी. फॅसिया म्हणजे स्नायूवरचा तो पांढरा चिवट पडदा, घट्ट विणलेला, रक्तवाहिन्या कमी, त्यातून ट्यूमर लवकर आरपार जात नाही. ट्यूमर आणि शाई यांच्यामध्ये ०.८ मिमी चरबी असती तर मी जास्त सावध झाले असते, तुमच्यात फॅसिया आहे आणि तो अखंड असेल तर ते पातळ का होईना पण खरं कुंपण आहे. मांडीवर कातडी आणि स्नायू यांच्यात मुळात जागाच किती असते, तिथे डीप मार्जिन सेंटिमीटरमध्ये येणं शक्यच नाही. तुमच्या पॅथॉलॉजिस्टना एकच प्रश्न विचारा: फॅसिया सगळ्या कापांमध्ये अखंड दिसतोय का, आणि ट्यूमर पेशी त्याच्या आत शिरल्यात का? फोनवर दोन मिनिटांत उत्तर मिळेल.

बरं, समजा शाईपर्यंत ट्यूमर असता तरी काय? लो ग्रेडमध्ये तेव्हाही गाठ परत येतेच असं नाही. २००६ मध्ये २८ कुत्र्यांवरचा एक अभ्यास आलेला, सगळे ग्रेड २ चे आणि इनकम्प्लीट काढलेले, त्यात जवळपास पाऊण गाठी त्याच जागी परत आल्या नाहीत. जखमेचा जुना व्रण परत कापून पाठवतात त्यातही बऱ्याचदा मला ट्यूमर सापडतच नाही, नुसतं भरून येणारं टिश्यू असतं. याउलट हाय ग्रेड असेल तर मार्जिन १५ मिमी क्लीन असलं तरी ती गाठ त्याच जागेजवळ परत येऊ शकते आणि लिंफ नोड, लिव्हर, स्प्लीनमध्ये जाऊ शकते. तिथे क्लीन वाचून पेढे वाटणारे ओनर बघितले की जीव तुटतो, कारण पुढच्या तपासण्या करायचे महत्त्वाचे आठवडे हातातून जातात.

तर ब्रुनोचं एकत्र वाचू. कातडीतली गाठ, लो ग्रेड, काउंट २, बाजूने ९ मिमी मोकळं, खाली फॅसियासह ०.८. यात मी परत ऑपरेशन सुचवणार नाही, फॅसिया अखंड आहे हे पक्कं झाल्यावर. ट्यूमर शाईला टेकलेला असता आणि तिथे ओढून घ्यायला कातडी शिल्लक असती, तर व्रण पूर्ण, भोवती परत २ सेंमी आणि खाली अजून एक थर अशी दुसरी सर्जरी आधी विचारात घेतली असती. रेडिएशनचाही पर्याय असतो, पण प्राण्यांसाठीची सोय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे. केमोचा प्रश्न या रिपोर्टवर येत नाही, नोडमध्ये काही सापडलं तर येईल.

आणि म्हणूनच नोड. लो ग्रेड असूनही काही कुत्र्यांत नोडमध्ये पेशी पोचलेल्या असतात, आणि नोड हाताला नॉर्मल लागला म्हणजे आत काही नाही असं धरता येत नाही. मागच्या मांडीसाठी गुडघ्यामागचा पॉप्लिटिअल आणि जांघेतला इंग्वायनल हे दोन्ही बघायला सांगा. लॅब्राडोर अंगाने भरलेला असेल तर जांघेतला चरबीत हाताला लागत नाही, सोनोग्राफीवर बघून बारीक सुईने नमुना घेता येतो. सुईच्या नमुन्यात एखाददुसरी मास्ट सेल दिसली तर घाबरू नका, नोडमध्ये त्या असतातच, घोळके किंवा विचित्र पेशी आहेत का ते बघायचं असतं. संशय राहिला तर नोड काढून हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवायचा, तोच पक्का निकाल.

नोड स्वच्छ आले तर पहिलं वर्ष दर ३ महिन्यांनी डॉक्टरांकडून व्रण आणि नोड तपासून घ्या, नंतर ६ महिन्यांनी. घरी महिन्यातून एकदा व्रणावरून आणि सगळ्या अंगावरून बोटं फिरवा. सुरुवातीचे काही आठवडे आतल्या टाक्यांच्या कडक गुठळ्या लागतात, त्या हळूहळू लहान होत जातात. लहान होत गेलेली गुठळी नंतर वाढायला लागली, किंवा व्रणाशेजारी नवीन काही लागलं, कधी फुगतंय कधी बसतंय असं वाटलं, खाज सुटून लाल झालं, तर पट्टी शेजारी धरून फोटो काढा आणि सुईची तपासणी करून घ्या. मास्ट सेलमधून हिस्टामिन सुटतं म्हणून गाठ अशी लहानमोठी होते, आणि म्हणूनच ती दाबून चोळून बघायची नाही. उलट्या किंवा काळी शी होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याच हिस्टामिनमुळे पोटात अल्सर होतो. दुसरीकडे कुठे नवीन गाठ आली तर ती बऱ्याचदा पसरलेली नसून स्वतंत्र दुसरी मास्ट सेल गाठ असते, लॅब्राडोर, बॉक्सर, पग यांना अशा अनेक येतात. तिला तिचा स्वतःचा रिपोर्ट, तिचा स्वतःचा ग्रेड.

एक शेवटचं. मेणाचे ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात. रिपोर्टवरचा केस नंबर सांगून तुम्ही त्याच ब्लॉकमधून अजून खोलवरचे काप करायला सांगू शकता, स्लाइड दुसऱ्या व्हेटर्नरी पॅथॉलॉजिस्टकडे वाचायला पाठवू शकता, आणि पुढे कधी गरज पडली तर की-६७ किंवा सी-किट या जीनची टेस्ट त्याच ब्लॉकवर होते, कुत्र्याला परत हात लावावा लागत नाही. ब्लॉक किती वर्षं ठेवतात ते लॅबला आत्ताच विचारून ठेवा, आणि रिपोर्टच्या सगळ्या पानांची कॉपी घ्या, फक्त शेवटच्या निदानाच्या पानाची नको.